आईची भीती नेमकी कशाची आहे?

प्रश्न: माझी आई 74 वर्षांची आहे. आमच्या भागात गेल्या कित्येक वर्षांत काही घडलेलं नाही, तरी ती संध्याकाळी सातनंतर खाली उतरत नाही. तरुण पोरं रात्री बारापर्यंत फिरतात आणि मार तीच खातात. मग म्हाताऱ्या माणसांनाच एवढी भीती का?

उत्तर:

मी समाजशास्त्र शिकवते आणि या विषयावर घरोघरी जाऊन मुलाखतीही घेतल्या आहेत. तुमचं निरीक्षण बरोबर आहे. अमेरिकेत दरवर्षी पोलिसांकडे न जाता थेट घराघरांत विचारून गुन्ह्यांची मोजणी होते. तिथे 2003 ते 2013 या काळात 65 वर्षांवरच्या हजार माणसांमागे हिंसक गुन्ह्यांचं प्रमाण वर्षाला चारच्याही आत होतं, तर 12 ते 24 वयोगटात ते पन्नासच्या आसपास होतं. आपल्याकडे अशी नियमित देशव्यापी पाहणी होत नाही. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभाग 2014 पासून ज्येष्ठांवरच्या गुन्ह्यांचे आकडे वेगळे देतो, पण ते पोलिसांत नोंदवलेल्या गुन्ह्यांचे असतात.

आता भीती कशी मोजली गेली ते पाहा, कारण निम्मा गोंधळ तिथेच आहे. 1970 च्या दशकापासून बहुतेक पाहण्यांमध्ये एकच प्रश्न असायचा: अंधार पडल्यावर तुमच्या भागात एकट्यानं चालताना किती सुरक्षित वाटतं? या प्रश्नात गुन्हा हा शब्दच नाही. माझ्या मावशीला मी तो विचारला, तेव्हा ती लगेच म्हणाली, "अजिबात नाही." मावशी 76 वर्षांची, पुण्यात दुसऱ्या मजल्यावर एकटी राहते. चार मिनिटांवरच्या मारुतीच्या देवळातलं गुरुवारचं कीर्तन तिनं सोडलं होतं. मग मी प्रश्न बदलला. गेल्या वर्षभरात बाहेर असताना खरोखर छातीत धस्स झालं असं किती वेळा घडलं, आणि कशानं? तिनं बोटं मोजली. तीन वेळा. एकदा मोटारसायकलवरची दोन मुलं अगदी अंगाजवळून गेली तेव्हा. एकदा वळणावरचा दिवा गेला होता आणि उखडलेल्या फरशीवर पाय मुरगळला तेव्हा. एकदा कुत्री मागे लागली तेव्हा. म्हणजे पाहणीत तिची नोंद "गुन्ह्याला घाबरणारी" अशी झाली असती, पण त्या तीन प्रसंगांपैकी गुन्ह्याशी संबंध असलेला एकच.

केनेथ फेरारो या अमेरिकी अभ्यासकानं 1995 मध्ये हेच मोठ्या प्रमाणावर दाखवलं. घरफोडी, मारहाण, लूट असा एकेक गुन्हा नाव घेऊन विचारला, तर वृद्ध माणसं तरुणांपेक्षा जास्त घाबरतात असं दिसेना. तेव्हा आईंच्या भीतीत रस्ता, अंधार आणि पाय यांचा वाटा किती, हे आधी वेगळं काढायला हवं.

पण हा वाटा काढून टाकला तरी काहीतरी उरतं. मावशीच्या बाबतीत उरली ती मोटारसायकल, आणि तिच्या मागे एक घटना होती. तिच्या शेजारच्या इमारतीतल्या बाईंचं मंगळसूत्र भरदुपारी हिसकावलं. हिसका बसल्यावर त्या पडल्या आणि खुब्याचं हाड मोडलं. शस्त्रक्रिया झाली, तीन महिने अंथरुणात गेले, मग वॉकर आला आणि शेवटी राहतं घर बंद करून त्या मुलीकडे गेल्या. मंगळसूत्र दोन तोळ्यांचं होतं. तिथली कुणीही बाई त्या दोन तोळ्यांचं बोलत नाही, सगळ्या बोलतात ते बंद घराचं.

धोका म्हणजे घटना घडण्याची शक्यता एवढंच आपण धरतो. माणूस मात्र शक्यतेबरोबर परिणामही मनात तोलत असतो. तोच हिसका पंचविशीच्या मुलीला बसला तर ती धडपडेल, पोलीस ठाण्यात जाईल, संतापेल आणि सोमवारी कामावर जाईल. शहात्तराव्या वर्षी त्याच हिसक्यात स्वतःच्या घरात स्वतःच्या हातानं चहा करून पिण्याचं आयुष्य संपू शकतं. मार्क वॉर या अमेरिकी अभ्यासकानं 1981 मध्ये सिअ‍ॅटलमध्ये केलेल्या पाहणीत आणखी एक गोष्ट दिसली. वृद्धांच्या आणि स्त्रियांच्या मनात लहान गुन्ह्याला मोठा गुन्हा जोडलेला असतो. तरुण माणसाला भिकारी वाटेत आडवा आला तर तो भिकारीच दिसतो, म्हाताऱ्या बाईला त्याच्या पाठीमागे लूटही दिसते. म्हणून शक्यता तेवढीच मानूनही भीती जास्त वाटते. याला मी वेडेपणा म्हणणार नाही. ज्याला पडल्यावर उठता येत नाही, त्याचा हिशेब वेगळाच असणार.

शिवाय तो कमी आकडा थोडा फसवा आहे. तुमच्या आई सातनंतर बाहेरच जात नाहीत, तर सातनंतर त्यांना लुटणार कोण? वर्षभरात माणसामागे किती गुन्हे, याऐवजी बाहेर घालवलेल्या तासांमागे किती गुन्हे असं मोजलं, तर तरुण आणि वृद्ध यांच्यातली दरी कमी होते. म्हणजे सुरक्षितता काही प्रमाणात त्या भीतीतूनच विकत घेतलेली असते आणि तिची किंमत मोजावी लागते. चालणं थांबलं की पायातली ताकद जाते आणि पडण्याचा धोका वाढतो.

मला काळजी वाटते ती भीतीच्या दिशेची. मावशी अनोळखी पोरांना घाबरते, पण म्हातारी माणसं मुद्दाम हेरली जातात ती वेगळ्या ठिकाणी. भरदिवसा कुणी सभ्य माणूस थांबवतो, "आजी, आम्ही पोलीस, पुढे खून झालाय, दागिने काढून पिशवीत ठेवा" म्हणतो, आणि घरी पुडी उघडल्यावर आत खडे निघतात. किंवा फोनवर गणवेशातला माणूस दिसतो आणि "तुम्हाला डिजिटल अटक झाली आहे" सांगून ठेव मोडायला लावतो. कायद्यात असली अटक अस्तित्वातच नाही. या गुन्ह्यांत वृद्ध असणं हाच निवडीचा निकष असतो आणि समोरचा माणूस भीतीदायक वाटत नाही. आणि घराबाहेरच्या भीतीनं घरात बसणाऱ्यांसाठी त्या अमेरिकी पाहणीतली आणखी एक नोंद: वृद्धांवरच्या हिंसेच्या निम्म्याहून अधिक घटना घरात किंवा घराजवळच घडल्या होत्या.

म्हणून आईंना "आपल्याकडे काही होत नाही" असं सांगू नका. त्यानं त्या फक्त गप्प होतील. शेवटचं कधी घाबरलात, कुठे, तेव्हा समोर काय होतं, असं विचारा. उत्तर दिवा असेल तर महापालिकेत तक्रार करा. उत्तर पडण्याचं असेल तर काठी आणि सोबत हवी. उत्तर दागिन्यांचं असेल तर बाहेर जाताना खोटं मंगळसूत्र चालेल का, हे त्यांनाच ठरवू द्या, कारण काहींना ते मानवत नाही. आणि फोनवर 1930 हा सायबर फसवणुकीच्या तक्रारीचा क्रमांक मोठ्या अक्षरात साठवून द्या.

मावशीच्या वळणावरचा दिवा तिसऱ्या तक्रारीनंतर लागला. आता गुरुवारी ती आणि समोरच्या दोघी मिळून जातात. मंगळसूत्र पदराखाली असतं आणि येताना मोटारसायकलचा आवाज आला की तिघी भिंतीकडे सरकतात.