थाळनेरच्या गोष्टीतली काडेपेटी

बेटा,

तुझी गोष्ट दोनदा वाचली, एकदा दुपारी आणि एकदा रात्री ओट्यावर शेकोटीपाशी बसून, कारण गोष्टच थंडीची आहे. २७ फेब्रुवारी १८१८, इंग्रजांनी थाळनेरचा किल्ला घेतला ती रात्र, तापीपलीकडचं पडकं घर, त्यात किल्ल्यातून निसटलेला आपल्याकडचा एक शिबंदी, म्हणजे किल्ल्याच्या राखणीचा माणूस, आणि वाट चुकलेला कंपनीचा शिपाई. जागा मस्त निवडलीस. पण पान तीनवर शिपाई खिशातून काडेपेटी काढतो आणि आग पेटवतो, तिथे मी थांबलो. घासून पेटणारी काडी १८२७ च्या आधी इंग्लंडातही विकत मिळत नव्हती. नुसती तारखेची चूक असती तर मी एका ओळीत सांगून सोडलं असतं, पण त्या काडेपेटीने तुझी अख्खी गोष्ट खाल्लीय.

बघ, शिबंदीकडे तोड्याची बंदूक. सुताच्या दोरीचा तोडा जळत असेल तरच ती उडणार, आणि नदी उतरताना त्याने तोडा पागोट्यात गुंडाळला म्हणून तो कोरडा राहिला पण विझलेला आहे, म्हणजे बंदूक म्हणजे नुसती काठी. कंपनीच्या शिपायाकडे चकमकीची बंदूक, चाप ओढला की गारगोटी पोलादावर आपटते, ठिणगी रंजकीत, म्हणजे नळीबाहेरच्या चिमूटभर दारूत, पडते. म्हणजे एकाकडे ठिणगी आहे, दुसऱ्याकडे ती धरून ठेवेल अशी वस्तू आहे आणि दोघं कुडकुडतायत, एक तर कमरेपर्यंत भिजलेला. आता तू फक्त त्यांना आग पेटवू दे, घाई न करता.

शिपायाला आधी बंदुकीचा कान, म्हणजे रंजकीतून नळीत जाणारं भोक, काडीने बुजवावा लागेल, नाहीतर रंजक पेटली की नळीतला बारही उडायचा. तो हे करताना समोरचा बघतोय. मग चिमूटभर रंजक, तोड्याचं टोक तिच्यापाशी, चाप, भक्कन जाळ. पहिल्यांदा नाही पेटणार, दुसऱ्यांदाही नाही, दारू सर्दावलेली असते. तिसऱ्यांदा तोडा धरतो आणि शिबंदी त्यावर फुंकर घालतो.

इथे थांब, याच जागी तुझी गोष्ट आहे. शिपायाची रंजक जळून गेलीय, कान बुजलेला आहे, आणि शिबंदीच्या हातात आता जळता तोडा आहे. तो कपाशीच्या वाळक्या पराट्यांना लावायचा की बंदुकीला, हे दोघांनाही कळतंय. तू यावर एक पान खर्च कर, आणि त्याच्या मनातले विचार लिहू नको, फक्त लाल होणारं आणि काळं पडणारं ते टोक दाखव.

पराट्या लिहिल्यास ते बरं केलंस, पण पराटी कशी जळते ते तुला माहितीय ना, भडकन पेटते आणि घटकेत राख. रात्रभर आग हवी तर कोणीतरी पुन्हा पुन्हा उठून अंधारात जायलाच पाहिजे, आणि जो उठेल त्याची पाठ दुसऱ्याकडे. कोण उठतो, बंदूक सोबत नेतो की ठेवून जातो, एवढ्यावर मधला भाग चालेल.

बोलण्याचं पण बघ. तुझे दोघं पुस्तकी मराठीत लढाई चूक की बरोबर यावर भाषण करतात. थाळनेर घेणाऱ्या इंग्रज सेनापती हिस्लॉपच्या फौजेत मद्रासकडचे शिपाई होते, तुझा माणूस फार तर दखनी बोलेल, आणि शिबंदी अहिराणी. शिबंदी विचारणार, "पानी शे का?" आणि शिपाई हात आडवा करून म्हणणार, "नक्को." आपलंच नको, दखनीत जाऊन बसलेलं. दोघांना पहिला कळलेला शब्द हा, तेवढा पुरे. आणि लक्षात घे, थाळनेरच्या दारात त्या दिवशी कत्तल पेटली तीही बोलणं नीट न कळल्याने असं म्हणतात, दोन इंग्रज अधिकारी आत गेले आणि मारले गेले, मग किल्ल्यातली सगळी शिबंदी कापली, किल्लेदार तुळशीराम मामाला फाशी दिलं. हे तू सुरुवातीला दीड पान सांगितलंयस, ते काढ. शिबंदीच्या ओल्या धोतरावरचा डाग ठेव, तो स्वतःच्या रक्ताचा नाही एवढं शिपायाला दिसू दे.

घर पडकं का, याला मात्र एक ओळ हवी. १८०३-०४ च्या दुष्काळाने आणि लुटीने खानदेशात गावंच्या गावं उठली होती, म्हणजे धाबं कोसळून चौदा वर्षं झालीयत, आत हातभर घेराचा निंब उभा असणार. त्याची फांदी तोडू नका असं दोघांतला एक खुणेने सांगतो का बघ, ओली फांदी धूर करते आणि धूर गस्तीला दिसतो.

शेवटची गळामिठी मला पटली नाही. पहाटे तोडा किती उरलाय ते लिही. समज वीतभर उरला. शिपाई कानातली काडी काढतो, शिबंदी तोडा मातीत दाबून विझवतो की नाही, हे तू ठरव, पण ठरवून मग लिही. शनिवारी ये, बाजरीची भाकर आणि ठेचा खाऊ आणि चुलीपाशी तोडा पेटवून बघू, माझ्याकडे सुताची जुनी दोरी आहे.

— आप्पा