रिलीजच्या आदल्या रात्री 'एवढं मर्ज कर ना' आलं तर

"उद्या सकाळी रिलीज आणि रात्री नऊला सीनियरचा मेसेज येतो, छोटा चेंज आहे, मर्ज करून टाक. धोका दिसत असतो, पण नाही म्हटलं की मीच आडमुठी ठरते आणि हो म्हटलं की रात्रभर झोप नाही. संबंध न बिघडवता नाही कसं कळवायचं?"

माझ्याकडे अशीच एक मुलगी आली होती, रिलीजची जबाबदारी पहिल्यांदाच तिच्यावर होती. सीनियरला तिने काय लिहिलं होतं ते मी आधी मोबाईलवर बघितलं. "सॉरी सर, तुम्ही खूप मेहनत घेतलीय माहितीय, पण थोडं रिस्की वाटतंय, बघा ना उद्या जमलं तर?" यावर पलीकडून जे यायचं तेच आलं, "मी टेस्ट केलंय, काही होत नाही, कर." आणि त्याचं तरी काय चुकलं, 'वाटतंय' म्हटलं की समोरचा म्हणणारच की मला नाही वाटत, आणि मग ज्याचा अनुभव जास्त तो जिंकतो. शिवाय त्या अख्ख्या मेसेजमध्ये 'नाही' कुठेच नव्हतं.

मग मी तिला विचारलं, नेमकी भीती कशाची आहे? ती म्हणाली चाळीसेक ओळींचा पीआर आहे, बाकी सगळं ठीक, पण त्यात ही एक ओळ आहे.

```sql
ALTER TABLE orders RENAME COLUMN amt TO amount;
```

आता यात खरी गोम आहे. सर्व्हर एकेक करून नव्या कोडवर जातात, तेवढा वेळ जुना कोडही चालू असतो आणि तो `amt` शोधत बसतो, म्हणजे तिथे ऑर्डर फेल. आणि सकाळी काही बिघडलं म्हणून कोड मागे घेतला तरी तेच, कारण डेटाबेस पुढे गेलेला असतो. कॉलमचं नाव परत फिरवता येतं हो, पण रोलबॅकच्या पायऱ्यांमध्ये ते लिहिलेलंच नव्हतं आणि कुणी करूनही पाहिलं नव्हतं. दुसरं म्हणजे क्यूएने दोन दिवस जी रिग्रेशन टेस्ट केली ती आधीच्या कमिटवर, त्यावर काहीही मर्ज झालं की उद्या जाणारा बिल्ड हा टेस्ट केलेला बिल्ड राहतच नाही. ओळी चाळीस असोत की चार.

हे एवढं स्पष्ट माहीत असताना तिने लिहिलं काय, तर 'थोडं रिस्की'! मग बसून मेसेज नव्याने लिहिला, तो असा:

"सर, पीआर पाहिला. आज रात्री रिलीज ब्रांचमध्ये घेत नाहीये. त्यात `amt` कॉलमचं नाव बदलतंय, त्यामुळे डिप्लॉय चालू असताना जुन्या सर्व्हरवर ऑर्डर फेल होतील आणि कोड रोलबॅक केला तरी तीच अडचण. शिवाय क्यूएचं साइन-ऑफ आधीच्या कमिटवर आहे. त्याऐवजी असं करू: उद्याचं रिलीज आहे तसं जाऊ दे, दुपारी हा पीआर मेनमध्ये घेऊ, पण नाव न बदलता नवा कॉलम जोडून, म्हणजे कोड काही दिवस दोन्हीकडे लिहील आणि जुना कॉलम पुढच्या रिलीजमध्ये काढू. गुरुवारी पॅच रिलीज काढते, क्यूएशी बोलून ठेवलंय. उद्याच लागण्यामागे काही कारण असेल तर सांगा, त्यावर वेगळं काहीतरी बघू."

शेवटचं वाक्य मी मुद्दाम घालायला लावलं. घाईमागे बहुतेक वेळा काहीतरी वेगळंच असतं आणि ते कुणी विचारत नाही. इथे पण तेच निघालं, सीनियरला उद्या एका कस्टमरला नवा रिपोर्ट दाखवायचा होता, बस. तो स्टेजिंगवर दाखवता येत होता, तिने रात्रीच तिथे बिल्ड लावून दिला. 'ओके, गुरुवार चालेल' एवढाच रिप्लाय आला.

'क्यूएशी बोलून ठेवलंय' हे मात्र खरंच बोलून मग लिहायचं, नाहीतर गुरुवार म्हणजे नुसतं लांबणीवर टाकणं होतं आणि पुढच्या वेळी तुमच्या प्लॅनवर कोणी विश्वास ठेवत नाही.

पीआर जर उद्याच्या रिलीजमधलाच मोठा बग दुरुस्त करत असेल, डेटा खराब होणारा किंवा सिक्युरिटीचा, तर मात्र हा मेसेज चालणार नाही. तिथे 'मर्ज नको' म्हणून थांबू नका, रिलीजच पुढे ढकलायचं का हे मॅनेजरला विचारा. आणि तुमचं सगळं ऐकूनही मॅनेजर म्हणाले की घ्याच, तर भांडत बसू नका, तो त्यांचा अधिकार आहे. फक्त रिलीजच्या चॅनलवर त्यांच्याकडून ते लिहून घ्या, नाव परत फिरवायची कमांड स्टेजिंगवर एकदा चालवून बघा आणि पीआर ज्याचा आहे त्याला डिप्लॉयच्या वेळी ऑनलाइन राहायला सांगा.