पाण्यात जंतू निघाले नाहीत, तरी चार दिवस स्टिरॉइड का दिलं?

*प्रश्न: वडिलांना (वय ५८, शुगर आहे) मेंदूज्वर झाला होता. पाठीतून पाणी काढलं, रिपोर्टमध्ये जंतू निघालेच नाहीत. पाण्यातली शुगरही नॉर्मल होती. तरी १४ दिवस इंजेक्शनं दिली आणि चार दिवस स्टिरॉइड. त्याने रक्तातली शुगर ३५० वर गेली. हे चुकीचं झालं का?*

मी जळगाव जिल्ह्यात फिजिशियन आहे. तुमच्या वडिलांची फाइल मी पाहिलेली नाही, पण जवळजवळ असाच एक पेशंट माझ्याकडे येऊन गेला. त्याचीच हकीकत सांगतो, म्हणजे फाइलमध्ये काय शोधायचं ते कळेल.

पारोळा तालुक्यातला ५४ वर्षांचा कापूस उत्पादक शेतकरी, शुगरचा जुना पेशंट. डावा कान कित्येक वर्षं अधूनमधून वाहायचा. या वेळी कान दुखला म्हणून गावात चार दिवस अँटिबायोटिकच्या गोळ्या घेतल्या. मग ताप, उलट्या, प्रचंड डोकेदुखी. रात्री नऊच्या सुमारास आमच्याकडे आणला तेव्हा तो असंबद्ध बडबडत होता, आणि मान पुढे वाकवायला गेलं की पाठीसकट उचलला जायचा.

अशा वेळी पाणी काढेपर्यंत थांबत नाहीत. रक्त घेतलं, म्हणजे कल्चर आणि शुगर. लगेच डेक्सामेथासोन १० मिलिग्रॅम शिरेतून, आणि त्याच्या पाठोपाठ सेफ्ट्रायाक्सोन २ ग्रॅम. व्हँकोमायसिन सुरू केलं. वय पन्नाशीच्या पुढे असल्याने अँपिसिलिनही, कारण त्या वयात लिस्टेरिया नावाचा जंतू असू शकतो आणि सेफ्ट्रायाक्सोनचा त्याच्यावर काहीच परिणाम होत नाही. शुद्ध ठिकाणावर नव्हती, म्हणून आधी सीटी स्कॅन केला, मेंदूत मोठी सूज किंवा गाठ असताना पाणी काढणं धोक्याचं असतं म्हणून. हे होईपर्यंत साडेअकरा वाजले.

मग सहीचा प्रश्न. त्याची बायको म्हणाली, “डॉक्टर, पाठमा सुई टोची ते माणूस पांगळा व्हई जास.” आपल्याकडे ही भीती घरोघरी आहे. मज्जारज्जू कमरेच्या पहिल्या-दुसऱ्या मणक्यापाशी संपतो आणि सुई त्याच्याही खाली, तिसऱ्या-चौथ्या मणक्याच्या मध्ये जाते, हे कागदावर चित्र काढून दाखवलं तेव्हा सही मिळाली.

पाणी आलं ते तांदळाच्या धुवणासारखं गढूळ. निरोगी माणसाचं ते नळाच्या पाण्याइतकं स्वच्छ असतं. पांढऱ्या पेशी २,४०० (एरवी पाचपेक्षा जास्त नसतात), त्यातल्या ८८ टक्के पॉली, म्हणजे पू तयार करणाऱ्या. प्रोटीन ३१०, एरवी ४५ च्या आत. आणि शुगर ५८. लॅबने समोर ४० ते ७० अशी रेंज छापली होती, त्यामुळे ५८ खाली ना रेघ, ना ठळक अक्षर. नॉर्मल!

गोम इथेच आहे. पाण्यातली शुगर एकटी वाचायची नसते, त्याच वेळच्या रक्तातल्या शुगरशी ताडून पाहायची असते. निरोगी माणसात ती रक्ताच्या साधारण दोन तृतीयांश असते. याची रक्तातली होती २६०. म्हणजे पाण्यात १६०-१७० असायला हवी होती, निघाली ५८, जेमतेम २२ टक्के. ४० टक्क्यांच्या खाली गेली की जंतूंचा मेंदूज्वर डोक्यात आलाच पाहिजे. डायबेटिसवाल्याच्या रिपोर्टमध्ये ही चूक सहज निसटते. तुमच्या ‘नॉर्मल’लाही आधी हा भागाकार लावून बघा.

जंतू मात्र स्लाइडवर दिसले नाहीत आणि कल्चरमध्येही काही वाढलं नाही. कसे वाढणार? गोळ्यांनी ते आधीच अर्धमेले झाले होते आणि आमच्या इंजेक्शनला दोन तास उलटले होते. शिरेतून योग्य डोस गेला की काही जंतू पाण्यातून दोन तासांत नाहीसे होतात, न्यूमोकोकसला आणखी काही तास लागतात. पण पेशी, प्रोटीन आणि शुगर इतक्या लवकर पूर्वपदावर येत नाहीत. चोर पळाला तरी फोडलेलं कुलूप तिथेच असतं. म्हणून कल्चर निगेटिव्ह आलं तरी आम्ही पूर्ण १४ दिवस इंजेक्शनं दिली.

आता स्टिरॉइड. अँटिबायोटिकने जंतू फुटतात तेव्हा त्यांच्या कवचाचे तुकडे पाण्यात सुटतात. शरीर त्यांच्यावर तुटून पडतं, आणि त्या दाहाने मेंदू सुजतो, रक्तवाहिन्या बंद पडतात, कानाची नस जाते. डेक्सामेथासोन हा भडका दाबतं, पण तो उडायच्या आधी दिलं तर. म्हणून ते अँटिबायोटिकच्या पहिल्या डोसच्या थोडं आधी किंवा सोबतच देतात, पुढे दर सहा तासांनी चार दिवस. दुसऱ्या दिवशी आठवण झाली म्हणून सुरू करण्यात फारसा अर्थ नसतो. माझ्या पेशंटने गोळ्या घेतल्या होत्या खऱ्या, पण तो मेंदूज्वराचा उपचार नव्हता. म्हणून मी दिलं. एखादा डॉक्टर इथे वेगळा निर्णय घेऊ शकला असता, हेही मान्य करतो.

पुरावा आहे का? २००२ मध्ये नेदरलँड्सच्या डॉक्टरांनी ३०१ प्रौढ पेशंटांवरचा अभ्यास प्रसिद्ध केला. स्टिरॉइडवाल्यांत मृत्यू ७ टक्के, नुसत्या अँटिबायोटिकवाल्यांत १५. सगळ्यात मोठा फरक न्यूमोकोकसच्या पेशंटांत पडला: १४ विरुद्ध ३४ टक्के. पण २००७ मध्ये मलावीतल्या अभ्यासात फायदा दिसला नाही. तिथे बहुतेकांना एचआयव्ही होता आणि बरेच जण उशिरा पोचले होते. तेव्हा हे औषध सगळीकडे सारखंच चालतं असं नाही. कल्चरमध्ये न्यूमोकोकस सोडून दुसरा जंतू निघाला तर बहुतेक वेळा आम्ही ते मध्येच बंद करतो. याच्या बाबतीत काहीच निघालं नाही, पण वाहणारा कान न्यूमोकोकसकडेच बोट दाखवत होता, म्हणून चार दिवस पुरे केले.

मला खरी धास्ती असते ती टीबीच्या मेंदूज्वराची. त्यातही पाण्यातली शुगर कमी आणि प्रोटीन जास्त असतं, अर्धवट उपचार झालेल्या पेशंटचा रिपोर्ट त्याच्यासारखाच दिसू शकतो, आणि स्टिरॉइडने थोडे दिवस बरंही वाटतं. फरक बहुधा असा की टीबीचं दुखणं दोन-तीन आठवडे रेंगाळत येतं आणि पेशी काही शेच असतात, त्याही मुख्यतः लिम्फोसाइट. आमच्या पेशंटचं सीबीनॅट निगेटिव्ह आलं. तेवढ्याने टीबी नाही असं म्हणता येत नाही, पण दोन दिवसांत चढलेलं दुखणं, ८८ टक्के पॉली आणि तिसऱ्या दिवशी बायकोला नावाने मारलेली हाक हे सगळं एका बाजूला होतं.

त्याचीही शुगर ३८० पर्यंत गेली होती. चार दिवस इन्सुलिन वाढवावं लागलं, स्टिरॉइड थांबल्यावर दोन-तीन दिवसांत पहिल्यासारखं झालं. तुमच्या वडिलांचे ३५० याच कारणाने असतील तर ते अपेक्षितच होतं. अजूनही तेवढीच येत असेल तर मात्र शुगरच्या डॉक्टरांना दाखवा.

फाइलमध्ये पहिल्या दिवसाचा औषधांचा चार्ट काढा आणि स्टिरॉइड व अँटिबायोटिक यांच्या वेळा बघा. पेशी किती, त्यात पॉली किती, आणि त्या वेळी रक्तातली शुगर किती, हे इथे लिहिलंत तर अधिक सांगता येईल. वडिलांच्या कानांची ऑडिओमेट्री झाली नसेल तर या आठवड्यातच करून घ्या. आणि त्यांचा कान कधी वाहत होता का, ते विचारा. आमच्या पेशंटच्या कानामागचं हाड आतून पोखरलेलं निघालं, त्याचं ऑपरेशन दीड महिन्याने झालं.