समोर रोखायचा रिमोट आणि पांघरुणातून चालणारा रिमोट

प्रश्न: टीव्हीचा साधा रिमोट नेम धरून दाबावा लागतो, पण बॉक्ससोबत आलेला पॉइंटरवाला रिमोट पांघरुणातूनही चालतो. असं का? आणि मग तोही चार-पाच मीटरवर का अडखळतो?

उत्तर:

नागपुरात बर्डीवर माझं टीव्ही आणि सेट टॉप बॉक्स दुरुस्तीचं दुकान आहे. काउंटरवर रिमोट ठेवून "दादा, हा मेला का जी?" असं विचारणारं कुणी ना कुणी रोज येतं. बहुतेक वेळा रिमोट मेलेला नसतो.

साधा रिमोट म्हणजे खरं तर एक बॅटरी, म्हणजे टॉर्च. तिचा उजेड आपल्या डोळ्यांना दिसत नाही, एवढंच. मोबाइलचा पुढचा कॅमेरा रिमोटच्या तोंडासमोर धरा आणि बटण दाबून ठेवा. बहुतेक फोनच्या पडद्यावर जांभळट ठिपका लुकलुकताना दिसेल. हा इन्फ्रारेड प्रकाश, साधारण 940 नॅनोमीटरचा. तो काचेतून जातो, पांढऱ्या भिंतीवर आपटून परततो, पण लाकूड, वीट, माणूस यांच्या आरपार जात नाही. म्हणून नेम धरावा लागतो. अगदी सरळच धरायला हवा असं नाही. कधी छताकडे करून दाबून बघा, छोट्या खोलीत बऱ्याचदा चालतो.

पॉइंटरवाल्या रिमोटमध्ये ब्लूटूथचा छोटा रेडिओ असतो. तो 2.4 गिगाहर्ट्झवर बोलतो, म्हणजे लाट सुमारे 12.5 सेंटिमीटरची. पांघरूण, लाकडी दार, पातळ भिंत यांतून ती थोडी कमी होऊन का होईना, निघून जाते. पेअरिंगची कटकटही त्यामुळेच आली. इन्फ्रारेडला भिंत अडवते, म्हणून टीव्हीला समोरच्याची ओळख विचारावी लागत नाही. त्याच कंपनीचा शेजाऱ्याचा रिमोट आणलात तरी तुमचा टीव्ही तो निमूट ऐकतो. रेडिओ मात्र शेजारच्या फ्लॅटमध्येही पोचतो. तिथेही तसाच बॉक्स असेल तर कोणी कोणाचं ऐकायचं? म्हणून पहिल्यांदा जोडी लावताना दोघं एक गुप्त किल्ली ठरवून जपून ठेवतात आणि पुढे त्या किल्लीनेच बोलतात.

पण पॉइंटरसाठी रेडिओच का लागतो, याचं खरं कारण वेग आहे. पुष्कळ टीव्हींत चालणारी एनईसी नावाची पद्धत घ्या. तिच्यात एका बटणाचा पूर्ण संदेश जायला सुमारे 67 मिलिसेकंद लागतात आणि बटण दाबून ठेवलं तर दर 108 मिलिसेकंदांनी 'अजून दाबलंय' एवढाच इशारा जातो. म्हणजे सेकंदाला जेमतेम नऊ वेळा. आवाज वाढवायला ते भरपूर आहे. मनगट हलवलं की कर्सर हलायचा असेल तर आतला जायरोस्कोप सेकंदाला कितीतरी वेळा 'इतका वळलो' हे सांगत असतो. ते नऊ घासांत मावत नाही. शिवाय साधा रिमोट ओरडून मोकळा होतो, पोचलं की नाही हे त्याला कळत नाही. ब्लूटूथला पोच मिळते. नाही मिळाली तर तो तोच निरोप पुन्हा पाठवतो. हे लक्षात ठेवा, पुढे कामी येईल.

आता अंतर. साध्या रिमोटचं अंतर साधारण आठ-दहा मीटर, पण नागपुरात मे महिन्यात उतरत्या दुपारी ते दोन मीटरवर आलेलं मी पाहिलंय. पश्चिमेच्या दारातून ऊन थेट टीव्हीच्या खालच्या काळ्या पट्टीवर पडत होतं. रिमोटचा प्रकाश सेकंदाला सुमारे 38,000 वेळा उघडझाप करतो आणि टीव्हीतला डोळा तेवढीच लय निवडून बाकीचा उजेड गाळतो. पण ऊन इतकं असलं की त्या डोळ्यात नुसता गोंगाट भरतो आणि दुरून आलेली बारीक लुकलुक त्यात बुडते. ओळखायचं सोपं आहे: दिवस मावळल्यावर तोच रिमोट त्याच जागेवरून चालला तर दोष उन्हाचा. दिवसरात्र अंतर हळूहळू घटतच गेलं तर सेल बदला.

रेडिओचा हिशेब वेगळा. असा रिमोट साधारण 1 मिलिवॅट ताकदीने बोलतो. मोकळ्यावर 10 मीटरवर त्यातला सुमारे दहा लाखावा भाग पोचतो, आणि बॉक्सचा कान त्याच्याही हजाराव्या भागापर्यंत ऐकू शकतो. अंतर दुप्पट झालं की ताकद पाव होते, म्हणजे कागदावर हा रिमोट 300 मीटरवरून चालायला हवा. घरात ही सगळी शिल्लक खर्च होते. हाताची मूठ थोडं खाते, मध्ये बसलेला माणूस खातो (आपण बहुतांशी पाणीच), विटांची जाड भिंत बरंच खाते. आणि लोखंडी कूलर, त्यात भरलेली टाकी, भिजलेलं गवत! त्याच्यामागे बॉक्स ठेवलात तर मग काय बोलायचं.

महाल भागातल्या एका काकांची गोष्ट याचीच. जुना वाडा, हॉल लांब, दिवाण टीव्हीपासून पाच मीटरवर. कर्सर मध्येच थिजायचा आणि मग एकदम उडी मारायचा. "काहून असं करते हा?" म्हणत त्यांनी दोनदा सेल बदलले होते. थिजून उडी ही खूण रेडिओची: निरोप पोचत नाही, पुन्हा पाठवला जातो, उशिरा सगळे एकदम पोचतात. रिमोट टेबलावर ठेवला असतानाही कर्सर एका बाजूला सरकत राहिला असता तर मी जायरोस्कोपला दोष दिला असता.

बॉक्स चिकटपट्टीने टीव्हीच्या पाठीला लावला होता, म्हणजे मध्ये पॅनेलचा अख्खा पत्रा. त्याच्या शेजारच्या निळ्या यूएसबी पोर्टात हार्ड डिस्क. मी आधी डिस्क काढली, कर्सर बराच सुधारला. यूएसबी 3 मधून सेकंदाला 5 अब्ज बिट धावतात आणि त्यांच्या गोंगाटाचा पसारा 2.4 गिगाहर्ट्झच्या पट्ट्यावरही पडतो. इतक्या जवळ असला की बॉक्सचा कान बधिर होतो. रिमोट पूर्वीइतकाच मोठ्याने बोलत होता, ऐकणाऱ्याच्या कानाशी कोणीतरी मिक्सर लावला होता.

काकांना सिनेमे हवेच होते. मग एक मीटरची चांगल्या जाळीची यूएसबी वायर लावून डिस्क खालच्या कपाटात सरकवली आणि बॉक्स टीव्हीच्या पाठीवरून काढून बाजूला, दिवाणाला दिसेल असा ठेवला. दिवाणावरून कर्सर सुरळीत चालला. मधल्या खोलीच्या दारातूनही चालला. आतल्या स्वयंपाकघरातून चालला नाही, तिथे जुन्या वाड्याची दीड हात जाडीची भिंत होती, आणि तिच्यावर माझ्याकडे इलाज नव्हता.

निघताना काकांनी टीव्ही बंद करायला रिमोट पाठीमागे धरूनच पॉवरचं बटण दाबलं. काही झालं नाही. त्या एका बटणासाठी अशा पुष्कळ रिमोटमध्ये इन्फ्रारेडचा दिवाही असतो, कारण पेअरिंग बॉक्सशी आहे, टीव्हीशी नाही. काकांनी रिमोट पुढे आणला, टीव्हीकडे रोखला, आणि टीव्ही बंद झाला.