पहिली फांदी आजाराची काढ

टेस्ट पॉझिटिव्ह आली, आणि मग दुसरीही आली, तर माणूस खरंच आजारी असण्याची शक्यता किती, या गणितासाठी तू शक्यतांच्या झाडाची पहिली फांदी ‘टेस्ट पॉझिटिव्ह’ अशी काढलीस, तिथेच अडकलास. गणितात दिलेले आकडे ‘आजार असेल तर टेस्ट काय म्हणेल’ असे असतात, म्हणून आधी आजाराच्या फांद्या आणि त्यांवर टेस्टच्या.

मी तर दशांश बाजूला ठेवून सरळ १०,००० माणसं घेतो. समज, आजार २ टक्के लोकांना आहे. टेस्ट ९० टक्के आजारी माणसं पकडते, पण १० टक्के निरोगी माणसांनाही पॉझिटिव्ह दाखवते. म्हणजे २०० आजाऱ्यांपैकी १८० पॉझिटिव्ह आणि ९,८०० निरोगींपैकी ९८०. एकूण पॉझिटिव्ह १,१६०, त्यातले खरे आजारी १८०, म्हणजे जेमतेम १५.५ टक्के. बरेच जण इथे ९० टक्के लिहून मोकळे होतात. ते उलट्या प्रश्नाचं उत्तर आहे.

दुसऱ्या टेस्टसाठी फक्त पॉझिटिव्ह टोकं पुढे वाढव. तेच दर धरले तर १८० चे १६२ उरतात, ९८० चे ९८. आता १६२ भागिले २६०, साधारण ६२ टक्के.

मात्र तेच दर तेव्हाच धरायचे, जेव्हा दोन्ही टेस्टच्या चुका एकमेकींपासून स्वतंत्र आहेत. एखाद्याच्या रक्तातल्या कशामुळे पहिली टेस्ट फसली असेल, तर तीच टेस्ट पुन्हा केल्यावर बहुधा पुन्हा फसेल. मग त्या ९८० च्या फांदीवर १० टक्के लिहिता येत नाही. गणितात वेगळा दर दिलाय का ते शोध.