जाळ बदला, चटका ठेवा

नाटक दुसऱ्या प्रेक्षकांसाठी बदलताना एखादा स्थानिक संदर्भ खोडण्यापूर्वी तो प्रसंगात कोणते काम करतो, हे संहितेच्या समासात लिहून ठेवावे. जळगावकडच्या माझ्या एकांकिकेत शेतात कपाशीच्या काड्यांवर भरताची वांगी भाजली जात आणि जाळाभोवती बसलेले दोन रुसलेले भाऊ हळूहळू बोलू लागत. परदेशातील कुटुंबांसाठी मी जाळाच्या जागी आधी बार्बेक्यू घातला, पण संवाद लंगडले, कारण एकजण भाजत राहिला आणि दुसऱ्याला हातात प्लेट धरून उभे राहण्यापलीकडे कामच उरले नाही. मग ओव्हनमधली गरम वांगी टेबलावर आणून दोघांनाही सोलायला बसवले, तेव्हा चटके आणि बोलणे दोन्ही परतले. आईचे ‘आखो एक भाकर ले’, म्हणजे आणखी एक भाकर घे, हे अहिराणी वाक्य मात्र मी तसेच ठेवले. वाढणाऱ्या हाताकडे पाहून तिथल्या मुलांनाही ते कळते.