वास ठीक, घोट गेल्यावर उंदीर

तुम्ही लिहिलंय की वाइनला वास छान होता, पण गिळल्यावर तोंडात शिळी, कोंदट चव राहिली. हा बहुधा ‘माउस’ दोष आहे. तो नाकाला कळत नाही, कारण वाइनच्या आंबटपणात या दोषाची द्रव्यं उडत नाहीत. घोट घेतल्यावर लाळेमुळे आंबटपणा उतरतो आणि दहा-वीस सेकंदांनी उंदराच्या पिंजऱ्याची चव वर येते. खात्रीसाठी थेंबभर वाइन मनगटावर चोळून हुंगा, किंवा थोड्या वाइनमध्ये चिमूटभर खाण्याचा सोडा टाकून वास घ्या. काही जणांना हा दोष जाणवतच नाही, म्हणून दुसऱ्यालाही विचारा. सल्फाइट हे टिकवणारं द्रव्य न घातलेल्या वाइनमध्ये तो जास्त सापडतो. त्याला कुणी ‘नॅचरल वाइनची शैली’ म्हटलं तर मी तरी मानणार नाही.

ऑक्सिडेशनचं, म्हणजे हवा लागून वाइन बदलण्याचं, मात्र तसं नाही; ते कधी शैली असतं, कधी दोष. फ्रान्सच्या जुरा भागातली ‘व्हाँ जोन’ ही वाइन निदान सहा वर्षं मुरते, त्यातली किमान पाच वर्षं पिंपात यीस्टच्या सायीखाली. तिचा अक्रोडासारखा वास मुद्दाम आणलेला असतो. पण गेल्या वर्षीची सोव्हिन्यों ब्लाँसारखी ताजी व्हाइट वाइन तपकिरी झाली, कापून ठेवलेल्या सफरचंदासारखा वास आला आणि फळाचा ताजेपणा गेला, तर बाटली बिघडली. नाशिक-पुण्याच्या उन्हाळ्यात दुकानाच्या गरम फळीवर हे सहज घडतं.

व्हिनेगरचा किंचित झणका काही जुन्या रेड वाइनमध्ये खपतो. नेलपॉलिश रिमूव्हरचा वास फळावर मात करू लागला आणि घसा जळला, की बाटली परत करा.